वहीतली शुगर एका पानावर

मधुमेह असलेल्या घरात शुगरच्या नोंदी कुठे कुठे सापडतात याचा एकदा शोध घ्यावा. शाळेच्या उरलेल्या वहीत चार पानं असतात. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी, ‘१३१’ एवढाच आकडा असतो. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटावर दोन आकडे, लॅबच्या रिपोर्टच्या पाठीवर एक. काही नोंदींना तारीख आहे, काहींना नुसता वार, काहींना ‘संकष्टी’ किंवा ‘ताई आली त्या दिवशी’. माणसानं मन लावून, बोटाला टोचून घेऊन हे लिहिलेलं असतं. दवाखान्यात मात्र डॉक्टर वहीची पानं उलटतात, शेवटचे तीन आकडे बघतात आणि विचारतात, “फास्टिंग किती असते साधारण?”

हा त्यांचा कंटाळा नव्हे. एकामागून एक लिहिलेल्या शुगरच्या आकड्यांतून कुणालाच फारसं काही दिसत नाही. १२६, १८८, १३१, २२४, ९२ ही रांग वाचून कळतं ते एवढंच, की शुगर वर-खाली होते. ती सगळ्यांचीच होते. डॉक्टरांना एक आकडा शेजारच्या आकड्याशी ताडायचा नसतो. आजची उपाशीपोटीची शुगर कालच्या आणि परवाच्या उपाशीपोटीच्या शुगरशी ताडायची असते, नाश्त्यानंतरची नाश्त्यानंतरच्याशी. म्हणजे वही आडवी लिहिलेली असते आणि डॉक्टरांना ती उभी वाचायची असते. वहीचा तक्ता करायचा तो एवढ्याचसाठी. तक्ता सुबक दिसतो हा वरचा फायदा.

हे काम कसं करायचं ते एका वहीवरूनच पाहू. वही शेजारच्या एका काकूंची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय बासष्ट. सकाळी नाश्त्याबरोबर ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, रात्री जेवणानंतर पुन्हा मेटफॉर्मिन. नोंदी सोमवार १० मार्च २०२५ ते रविवार २३ मार्च २०२५ या चौदा दिवसांच्या. दोन आठवडे हा काळ बरा असतो. प्रत्येक वार दोनदा येतो, एखादा सण किंवा उपास सापडतो, आणि तक्ता एका पानात मावतो.

पहिलं काम तारखा लावण्याचं. काकूंच्या वहीत निम्म्या नोंदींना तारीखच नव्हती. इथे कॅलेंडर कामाला येतं. ‘होळी, पुरणपोळी’ म्हणजे १३ मार्च. ‘संकष्टी’ म्हणजे १७ मार्च, कारण संकष्टी महिन्यातून एकदाच येते. ‘शनिवार’ एवढंच लिहिलेल्या दोन नोंदी मागच्या-पुढच्या पानांवरून १५ आणि २२ ला बसल्या. कालनिर्णय घेऊन बसलं की वीस मिनिटांचं काम. जी नोंद कशानेच लागत नाही ती अंदाजाने कुठेतरी बसवू नये. ती तक्त्याबाहेर, खाली, ‘तारीख माहीत नाही’ म्हणून लिहावी.

दुसरा साक्षीदार म्हणजे मीटर. हल्लीच्या बहुतेक ग्लुकोमीटरमध्ये मागचे शेकडो आकडे तारीख-वेळेसह साठलेले असतात आणि बटण दाबत गेलं की एकेक दिसतात. पण त्याच्या घड्याळावर डोळे मिटून विश्वास टाकू नये. बॅटरी बदलली की कित्येक मीटरचं घड्याळ मूळ तारखेवर जातं आणि ते कुणी पुन्हा लावत नाही. म्हणून आधी मीटरमधली आत्ताची तारीख आणि वेळ बघायची. ती चार तास पुढे असेल तर बॅटरी बदलल्यानंतरची प्रत्येक नोंद चार तास पुढे आहे, आणि तेवढी सगळीकडून वजा केली की झालं. घड्याळ चुकलं तरी आकडा खराच असतो.

आकडा वाचतानाही मीटरचा आधार लागतो, विशेषतः मराठी घरात. मीटरवर इंग्रजी आकडे दिसतात आणि माणूस लिहितो कधी मराठीत, कधी इंग्रजीत, कधी अर्धे-अर्धे. घाईत लिहिलेला, वरून न जुळलेला इंग्रजी 8 हुबेहूब मराठी ४ सारखा दिसतो. इंग्रजी 9 आणि मराठी १ यांचंही तसंच. काकूंच्या १० तारखेच्या रात्रीची नोंद त्यांचा नातू १४४ अशी वाचत होता. मीटरच्या मेमरीत ती १८८ निघाली. एका आकड्यात चव्वेचाळीसचा फरक, आणि दोन्ही आकडे सहज खरे वाटण्याजोगे, त्यामुळे नुसतं बघून चूक कळलीच नसती. वहीतल्या प्रत्येक ४-८ आणि १-९ पाशी थांबून मीटर बघावा हे उत्तम. मीटरमध्ये नोंद नसेल आणि आकडा लागत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाकावं.

आणखी एक घोळ परदेशी राहून आलेल्या आईवडिलांच्या वहीत सापडतो. आपल्याकडे शुगर मिलिग्रॅममध्ये मोजतात, ब्रिटनमध्ये मिलिमोलमध्ये. मुलाकडे असताना घेतलेला मीटर ७.२ दाखवतो. त्याला १८ ने गुणलं की आपली १३० येते. पण वहीत नुसतं ‘७.२’ लिहिलेलं असेल तर ती एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, समजली जायची शक्यता फार. म्हणून असा आकडा गुणून लिहावा आणि शेजारी मूळ आकडाही ठेवावा.

आता कॉम्प्युटर. कॉम्प्युटरशिवायही हे सगळं आखलेल्या कागदावर होतं, आणि एकदाच करायचं असेल तर कागदच लवकर होतो. दर दोन-तीन महिन्यांनी करायचं असेल तर एक्सेल किंवा गुगल शीट्स बरं पडतं. त्यात सुरुवातीला डॉक्टरांना द्यायचा तक्ता करायलाच जायचं नाही. आधी साधी यादी करायची: एका ओळीत एकच आकडा. पाच रकाने पुरतात. दिनांक, वेळ, प्रसंग, शुगर आणि टीप. टिपेत काय खाल्लं, काय चुकलं, काय वेगळं झालं ते.

यादी भरताना दिनांकाचा रकाना सगळ्यात जास्त छळतो. आपण दिवस आधी लिहितो, महिना नंतर. पण पुष्कळ कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर लावलेले असतात आणि तिथे महिना आधी येतो. काकूंची यादी तशा कॉम्प्युटरवर टाकली तर 10/03/2025 ही ३ ऑक्टोबर होते, 11/03/2025 ही ३ नोव्हेंबर आणि 12/03/2025 ही ३ डिसेंबर. तेरावा महिनाच नसल्यामुळे १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र तारीख म्हणून घेतल्याच जात नाहीत, नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. पहिले तीन दिवस वर्षाअखेरीला गेले आणि उरलेल्या अकरांना तारीखच नाही, असा तो प्रकार. ओळखायची खूण सोपी आहे: आपण काही बदल केलेला नसेल तर खरी तारीख आणि खरा आकडा चौकटीच्या उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डाव्या कडेला. रकान्यात पहिल्या तीन दिवसांच्या नोंदी उजवीकडे आणि बाकीच्या डावीकडे दिसल्या की समजावं. उपाय म्हणजे वर्ष आधी टाकणे, 2025-03-10 असं. त्यात गोंधळाला जागा राहत नाही.

हीच उजवी-डावी खूण आकड्यांनाही लागू. देवनागरीत टंकलेले १२६ स्क्रीनवर छान दिसतात, पण बहुधा मजकूर म्हणूनच घेतले जातात आणि त्यांची सरासरी निघत नाही. म्हणून यादीत आकडे इंग्रजीच टाकावेत. आणि ज्या वेळी शुगर तपासली नाही तिथे शून्य टाकू नये, ओळच नको. रिकामी चौकट सरासरीत धरली जात नाही, शून्य मात्र धरलं जातं आणि सरासरी खाली ओढतं. शिवाय डॉक्टरांच्या डोळ्यांना शून्य शुगर दिसणं हा प्रकारच भलता.

प्रसंगाच्या रकान्यात शब्द ठरवून घ्यायचे आणि तेच शेवटपर्यंत वापरायचे. काकूंच्या वहीत ‘उपाशी’, ‘अनशापोटी’, ‘फास्टिंग’ आणि ‘सकाळची’ असे चार शब्द एकाच गोष्टीला होते. माणसाला चालतं, कॉम्प्युटरला ते चार वेगळे प्रसंग वाटतात. आम्ही चारच शब्द ठेवले: ‘उपाशी’, ‘नाश्त्यानंतर’, ‘रात्रीआधी’ आणि ‘रात्रीनंतर’. यातला ‘नंतर’ म्हणजे दोन तासांनी, आणि हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. कित्येक जण जेवण संपवून, ओटा आवरून, मग घड्याळ लावतात. तासाभराने घेतलेली शुगर आणि दोन तासांनी घेतलेली शुगर या वेगळ्या गोष्टी आहेत. वेळ माहीत नसेल तर टिपेत तसं लिहावं म्हणजे डॉक्टर त्या आकड्याला तेवढंच वजन देतील.

काकूंच्या यादीत एकतीस ओळी झाल्या. त्यातली एक मात्र बाजूला काढावी लागली. संकष्टीच्या संध्याकाळी सहा पन्नासला त्यांना दरदरून घाम आला, हात थरथरले, शुगर निघाली ६२. घरच्यांनी पाण्यात तीन-चार चमचे साखर घालून दिली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, ती १०४. हे अगदी बरोबर केलं. पण हा १०४ चा आकडा साखर पाजल्यानंतरचा आहे. तो ‘रात्रीआधी’च्या रकान्यात गेला तर ६२ ची धार बोथट करतो. म्हणून त्याला ‘फेरतपासणी’ म्हटलं आणि ६२ च्या टिपेत ठेवलं. उरले तीस आकडे.

यादी तयार झाली की तिचा उभा तक्ता करणं हे कॉम्प्युटरचं काम. `Insert` मध्ये `PivotTable` असतं. त्यात `Rows` मध्ये दिनांक, `Columns` मध्ये प्रसंग, `Values` मध्ये शुगर टाकायची आणि बेरजेऐवजी `Average` निवडायचं. दिवसाला प्रत्येक प्रसंगाचा एकच आकडा असल्याने सरासरी म्हणजे तोच आकडा. एक्सेलने इथे आपणहून `Count` दाखवलं तर समजावं की शुगरच्या रकान्यात कुठेतरी मजकूर किंवा रिकामी चौकट दडली आहे. वार आणि टीप हाताने जोडायची. तयार झालेला तक्ता असा:

| दिनांक, मार्च २०२५ | उपाशी | नाश्त्यानंतर | रात्रीआधी | रात्रीनंतर | टीप |
|---|---|---|---|---|---|
| १० सोम | १२६ | | | १८८ | |
| ११ मंगळ | १३१ | २२४ | | | पोहे |
| १२ बुध | | | ९२ | १७६ | घरीच |
| १३ गुरू | १२२ | | | २६२ | होळी, पुरणपोळ्या २ |
| १४ शुक्र | १४८ | २२१ | | | पोहे |
| १५ शनि | ११९ | २१८ | ७४ | | उपमा. मारुतीची टेकडी |
| १६ रवि | १३४ | | | १८२ | |
| १७ सोम | १२४ | | ६२ | | संकष्टी, दुपारी जेवण नाही; घाम; साखरेनंतर १०४ |
| १८ मंगळ | १२९ | १७६ | | | भाकरी-भाजी |
| १९ बुध | | २३१ | ८८ | १७१ | पोहे, घरीच |
| २० गुरू | १२७ | | | | |
| २१ शुक्र | १३३ | १८२ | | | भाकरी-भाजी |
| २२ शनि | १२१ | | ७१ | १७९ | मारुतीची टेकडी |
| २३ रवि | १३० | २२६ | | | पोहे |
| सरासरी | १२९ | २११ | ७७ | १९३ | |
| किती वेळा | १२ | ७ | ५ | ६ | |

खालच्या दोन ओळी साध्या सूत्रांनी येतात. मूळ यादीत प्रसंग C रकान्यात आणि शुगर D रकान्यात असेल तर:

```
=AVERAGEIFS(D:D, C:C, "उपाशी")
=COUNTIFS(C:C, "उपाशी")
```

‘किती वेळा’ ही ओळ लोक गाळतात. गाळू नये. बारा आकड्यांची सरासरी आणि पाच आकड्यांची सरासरी यांच्यावर सारखाच भरवसा ठेवता येत नाही, आणि तो फरक डॉक्टरांना दिसायला हवा.

तिसाच्या तीस आकड्यांची मिळून सरासरी येते १५२. अनेक मोबाइल अ‍ॅप हाच आकडा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत दाखवतात, आणि तो चांगला दिसतो. सरासरी शुगर १५४ असली की एचबीए१सी साधारण ७ येते, आणि ७ च्या आत ठेवा असंच बहुतेकांना सांगितलेलं असतं. पण काकूंची शुगर १५२ च्या आसपास क्वचितच असते. नाश्त्यानंतर ती सव्वादोनशेला टेकते आणि संध्याकाळी सत्तरीत येते. वरचं आणि खालचं एकमेकांत मिसळून मधला आकडा गोंडस झाला आहे. शिवाय बोटावरच्या या सरासरीवरून एचबीए१सीचा अंदाज बांधणंही बरोबर नाही. आपण ठरावीक वेळीच टोचतो. मध्यरात्री, दुपारी काय चाललं आहे ते त्यात येतच नाही. एकूण सरासरी तक्त्यावर लिहूच नये असं माझं मत आहे.

उभं वाचलं की मात्र वही बोलू लागते. जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, ही बहुतेक प्रौढांसाठीची नेहमीची मर्यादा. म्हाताऱ्या किंवा इतर आजार असलेल्या माणसांना डॉक्टर ती सैल करून देतात. या हिशेबाने ‘उपाशी’चा रकाना जवळजवळ शांत आहे. १४८ हा एकच आकडा ठळकपणे वर निघतो आणि तो पुरणपोळीच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यातले ११९, १२६, १३१ असे फरक वाचत बसू नयेत. घरगुती मीटरला १०० च्या वर पंधरा टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे होण्याची मुभा प्रमाणकातच आहे. त्याच थेंबाची शुगर लागोपाठ दोनदा काढली तरी एवढा फरक पडू शकतो.

‘रात्रीनंतर’ची सरासरी १९३ दिसते, पण होळीचा २६२ वगळला तर १७९ राहते. मग तो आकडा काढून टाकायचा का? नाही. तो खरा आहे, ठेवायचा, आणि शेजारी पुरणपोळी लिहायची. काढायचा आकडा एकच: जो खोटा असल्याचं त्याच वेळी कळलं. आंबा चिरून हात न धुता बोट टोचलं तर बोटावरचा गोडवा थेंबात उतरतो आणि मीटर भलताच आकडा देतो. हात धुऊन पुन्हा काढल्यावर तो खाली आला, तर दुसरा धरावा आणि पहिल्याबद्दल टीप ठेवावी.

खरी गोष्ट मधल्या दोन रकान्यांत आहे. नाश्त्यानंतरच्या सात आकड्यांपैकी पाच २१८ ते २३१ च्या दरम्यान, आणि त्या पाचही दिवशी पोहे किंवा उपमा. उरलेले दोन १७६ आणि १८२, दोन्ही दिवशी भाकरी-भाजी. दोनच नोंदींवरून निकाल देता येत नाही, पण पुढे काय तपासायचं ते कळतं. हे दिसलं ते टिपेत खाण्याचं नाव असल्यामुळे. ‘नेहमीचा नाश्ता’ असं लिहिलं असतं तर काहीच दिसलं नसतं. खाण्याची नोंद कॅलरी मोजून करायची गरज नाही. पोहे किती, पोळ्या किती, भात किती वाट्या आणि वाटी कोणती, एवढं पुरतं. आणि ज्या जेवणानंतर शुगर तपासली त्याचंच लिहावं. बाकीच्या जेवणांची यादी डॉक्टरांच्या पानावर गर्दी करते. आहारतज्ज्ञांकडे जायचं असेल तेव्हा ती वेगळ्या कागदावर न्यावी.

‘रात्रीआधी’च्या पाच आकड्यांत तीन ८० च्या खाली आणि एक ७० च्याही खाली. आणि इथे वाराचा रकाना उपयोगी पडला. ७४ आणि ७१ दोन्ही शनिवारी, टेकडी चढून मारुतीचं दर्शन घेऊन आल्यावर. ९२ आणि ८८ दोन्ही बुधवारी, घरी असताना. ६२ संकष्टीला, दुपारचं जेवण नसताना. काकू टेकडीला जातात हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि ह्यांनी सांगितलं नव्हतं. ग्लिमेपिराइड पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही, शरीराला इन्सुलिन सोडायला लावतच राहतं, आणि त्याचा असर दिवसभर चालतो. सकाळी गोळी, दुपारी उपास किंवा संध्याकाळी चढण, आणि शुगर घसरणार. नुसती वही चाळून डॉक्टरांची नजर २२४, २३१ वर पडली असती तर गोळी वाढवण्याचा विचार साहजिक होता. त्याने संध्याकाळ आणखी खाली गेली असती.

हेच चित्रात दाखवायचं तर नेहमीची चूक अशी होते, की सगळे आकडे तारखेप्रमाणे मांडून एका रेषेने जोडले जातात. एक्सेलला सांगितलं की ते तसंच करून देतं. त्यातून करवतीच्या दात्यांसारखी रेष निघते. उपाशीपोटीच्या १२१ वरून ७१ वर आणि तिथून १७९ वर उडी मारणारी. ती दिसते फार भीतिदायक आणि सांगत काहीच नाही. आडव्या रेषेवर तारीख नकोच, दिवसाचे चार प्रसंग हवेत. प्रत्येक प्रसंगावर त्याचे सगळे ठिपके उभे, एकावर एक, न जोडता.

आलेखाच्या कागदावर हे अर्ध्या तासात होतं. उभ्या रेषेवर ४० पासून २८० पर्यंत, एक सेंटिमीटरला २० याप्रमाणे बारा सेंटिमीटर. आडव्या रेषेवर तीन-तीन सेंटिमीटरवर चार खुणा. मग ७० आणि १८० वर दोन आडव्या रेषा मारायच्या आणि ठिपके देत जायचं. १२९ आणि १३० सारखे ठिपके एकमेकांवर येतात, ते किंचित बाजूला सरकवावेत. काकूंचा कागद तयार झाला तेव्हा पहिल्या खुणेवर ठिपक्यांचा घट्ट पुंजका, दुसरीवर वरच्या रेषेच्या बराच वर पाच आणि रेषेला लगटून दोन, तिसरीवर खालच्या रेषेजवळ घसरलेले पाच, चौथीवर पुन्हा १८० च्या आसपास आणि एक होळीचा एकटाच वर. एक्सेलमध्ये हवं असेल तर प्रसंगांना १ ते ४ क्रमांक देऊन `Scatter` निवडायचं. रेषा जोडणारा `Line` नको, आणि त्रिमितीय खांब तर मुळीच नकोत.

रंगांचा मोह आवरावा. वर गेलेलं लाल आणि बरं असलेलं हिरवं स्क्रीनवर झकास दिसतं, पण कोपऱ्यावरच्या झेरॉक्समधून दोन्ही सारखेच करडे होऊन बाहेर पडतात. ७० च्या खालच्या आकड्याभोवती चौकट काढली, की ती कुठल्याही छपाईत टिकते. तक्ता आणि आलेख मिळून एकच पान करावं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर पानाचा फोटो नको, पीडीएफ पाठवावी. तिरप्या फोटोत १७१ आणि १७७ सारखेच दिसतात.

पानाच्या डोक्यावर चार ओळी: नाव आणि वय, कुठली गोळी किती मिलिग्रॅमची आणि किती वाजता, त्या दोन आठवड्यांत गोळी चुकली किंवा बदलली असेल तर ते, आणि शेवटची एचबीए१सी तारखेसह. गोळ्यांची वेळ लिहिली नाही तर संध्याकाळच्या घसरणीचा धागा डॉक्टरांना मिळणार नाही. त्याच्याखाली आपला निष्कर्ष लिहायची हौस अनेकांना असते, “भाताने शुगर वाढते” वगैरे. ती तोंडी सांगावी. मूळ वही आणि मीटर मात्र बरोबर न्यावेत, कारण एखाद्या आकड्याची शंका आली तर डॉक्टर तो तिथेच पडताळून पाहू शकतात.

घसरणीसाठी मात्र तक्ता पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. शुगर ७० च्या खाली गेली की आधी साखर, मग पंधरा मिनिटांनी फेरतपासणी, आणि डॉक्टरांना फोन त्याच दिवशी.

काकूंच्या डॉक्टरांनी पान हातात घेतल्यावर आधी चौकटीतला ६२ पाहिला, मग त्याची टीप, मग शनिवारचे दोन आकडे. टेकडीला किती वाजता निघता, दुपारी जेवता किती वाजता, हे त्यांनी विचारलं. सकाळच्या गोळीबद्दल काय करायचं ते त्यांनी ठरवलं आणि संकष्टीच्या दिवशी गोळीचं काय करायचं तेही लिहून दिलं. मग रिकाम्या चौकटींकडे वळले. दुपारच्या जेवणाआधीचा एकही आकडा नव्हता, झोपतानाचाही नव्हता, आणि उपाशीपोटीचे मात्र बारा होते. स्ट्रिप महाग पडतात, त्यामुळे त्या कुठे खर्च करायच्या तेही ठरवून घ्यावं लागतं. पुढच्या दोन आठवड्यांसाठी त्यांनी पानाच्या मागेच लिहिलं: उपाशीपोटी आठवड्यातून दोनदाच, तीन दिवस पोह्यांनंतर आणि तीन दिवस भाकरीनंतर, घड्याळ लावून दोन तासांनी, दोन्ही शनिवारी टेकडीला निघण्याआधी एकदा आणि परत आल्यावर एकदा, आणि चार दिवस दुपारच्या जेवणाआधी. नातवाने तिथेच बसून वहीत तेवढ्या रकान्यांच्या उभ्या रेघा आखल्या आणि डोक्यावर इंग्रजीत तारखा घातल्या.